हार्डवेअर वॉलेट विकत घेताना: तुमच्याआधी ते कोणाच्या हातात होतं?

बिटकॉइनसारखी आभासी नाणी सांभाळायला लोक हार्डवेअर वॉलेट घेतात, पण त्यात नाणी नसतात. नाणी ब्लॉकचेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सार्वजनिक हिशेबवहीत असतात. या छोट्या उपकरणात असते ती फक्त किल्ली, आणि ती किल्ली बहुधा १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांतून तयार होते. हे शब्द ज्याला माहीत, त्याचे पैसे. उपकरण तुमच्या कपाटात कुलूपबंद असलं तरी काही फरक पडत नाही. म्हणून वॉलेट विकत घेताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हे शब्द माझ्यासमोर, पहिल्यांदाच, याच उपकरणात तयार होणार आहेत, की माझ्याआधी कुणीतरी ते ठरवून ठेवले असू शकतात? कारखान्यातून निघाल्यापासून माझ्या हातात येईपर्यंत जितके हात मध्ये, तितक्या जणांना ही संधी मिळते.

घराचं कुलूप आपण कुणाकडूनही घेतो, कारण त्याची जादा चावी करून ठेवणाऱ्याला आपलं घर शोधावं लागतं. इथे शोधावं लागत नाही. शब्द माहीत असलेला माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाला बसून ब्लॉकचेनवरच्या तुमच्या पत्त्यावर किती जमा झालं ते रोज बघू शकतो आणि पुरेसं जमेपर्यंत गप्प राहू शकतो.

फसवणुकीच्या तीन तऱ्हा

तपासणीकडे वळण्याआधी फसवणूक प्रत्यक्षात कशी झाली ते पाहू. कारण प्रत्येक तऱ्हा वेगळ्या तपासणीला चकवते.

पहिल्या तऱ्हेत उपकरणाच्या आत काहीच बदललेलं नसतं. २०१८च्या सुरुवातीला ईबेवरून लेजर कंपनीचं नॅनो एस वॉलेट घेतलेल्या एका माणसाची हकीकत बरीच गाजली. पेटीत एक छापील कार्ड होतं, लॉटरीच्या तिकिटासारखं खरवडायचं. खरवडल्यावर खाली २४ शब्द. हेच तुमचे रिकव्हरी शब्द, असं सांगणारा मजकूर इतका नीटनेटका होता की तो कंपनीचाच वाटावा. उपकरण मात्र अस्सल होतं. शब्द आधी विक्रेत्याने काढून ठेवलेले, मग कार्डावर छापलेले. त्या माणसाची आयुष्यभराची बचत गेली. अशा उपकरणावर अस्सलपणाची कुठलीही चाचणी चालवा, ती पास होणार, कारण ते खरंच अस्सल आहे.

दुसरी तऱ्हा जून २०२१मध्ये समोर आली. लेजरच्या ग्राहकांची माहिती आधीच्या वर्षी फुटली होती. नाव, घरचा पत्ता आणि फोन नंबर अशी माहिती सुमारे २,७२,००० जणांची होती. त्यांच्यातल्या काहींच्या घरी न मागवता नॅनो एक्स आलं. प्लॅस्टिकच्या आवरणात गुंडाळलेलं, सोबत पत्र: माहिती फुटल्यामुळे तुमच्या सुरक्षेसाठी नवीन उपकरण पाठवत आहोत. इंग्रजी गचाळ होतं. ज्यांनी ते उघडून पाहिलं त्यांना आतल्या सर्किटवर एक छोटा पेन ड्राइव्ह जोडलेला दिसला. सूचना अशी की हे कॉम्प्युटरला लावा, त्यातला प्रोग्राम चालवा आणि जुने २४ शब्द टाका.

तिसरी तऱ्हा सगळ्यात कसबी. ती जरा सावकाश पाहू, कारण ‘सील तर शाबूत होतं’ या समाधानाचं काय होतं ते तिथेच कळतं.

ट्रेझरची ती प्रत

मे २०२३मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने ट्रेझर या वॉलेट कंपनीच्या मॉडेल टी म्हणून विकलेल्या एका उपकरणाची चिरफाड करून अहवाल प्रसिद्ध केला. मालकाने ते एका जाहिरातींच्या संकेतस्थळावरून घेतलं होतं. पेटी, होलोग्राम, स्क्रीन, सगळं खऱ्यासारखं. वापरतानाही काही खटकलं नाही. एक दिवस १.३३ बिटकॉइन परस्पर निघून गेले, आणि तेव्हा वॉलेट कॉम्प्युटरला जोडलेलंसुद्धा नव्हतं.

उघडताना पहिली शंका आली. ट्रेझरच्या कारखान्यात आवरणाचे दोन भाग अल्ट्रासॉनिक पद्धतीने एकमेकांत वितळवून जोडतात. इथे गोंद आणि दुहेरी चिकटपट्टी होती. आतली मुख्य चिप एसटीएम३२ मालिकेतलीच, पण ४२७ ऐवजी ४२९ क्रमांकाची, आणि बाहेरून कुणी आतला प्रोग्राम वाचू नये म्हणून असलेलं संरक्षण बंद केलेलं. सुरू होताना उपकरण बूटलोडरची आवृत्ती `2.0.4` सांगत होतं. गंमत अशी की ट्रेझरने ही आवृत्ती कधी काढलीच नाही. बदलांच्या जाहीर नोंदीत लिहिलेलं होतं की बनावट उपकरणांमुळे हा क्रमांक वगळला आहे. म्हणजे स्क्रीनवरचा एक आकडा कंपनीच्या यादीशी ताडून पाहिला असता तरी चोर सापडला असता. पण तो आकडा ताडून पाहायचा असतो हे किती जणांना माहीत असतं?

आता आत काय बदललं होतं ते पाहा. बूटलोडर हा उपकरण सुरू होताना फर्मवेअरच्या, म्हणजे उपकरणाच्या मुख्य प्रोग्रामच्या आधी चालणारा प्रोग्राम. पुढच्या फर्मवेअरवर कंपनीची डिजिटल सही आहे का, हे तो तपासतो. ती तपासणीच काढून टाकलेली. त्यामुळे चोराचं फर्मवेअर बिनबोभाट चालत होतं. नवीन वॉलेट तयार करा म्हटलं की खरं उपकरण यादृच्छिक संख्या काढून त्यातून शब्द बनवतं. हे उपकरण आधीच भरून ठेवलेल्या २० शब्दसंचांपैकी एक देत होतं. स्क्रीनवर तेच ‘शब्द तयार होत आहेत’. आणि कुणी हुशारीने शब्दांच्या वर स्वतःचा पासफ्रेज, म्हणजे जादा परवलीचा मजकूर लावला, तर त्यातलं फक्त पहिलं अक्षर धरलं जाई. पहिल्या अक्षराचे पर्याय ६४, शब्दसंच २०, गुणाकार १,२८०. चोराला तेवढेच वॉलेट तपासायचे होते. खऱ्या २४ शब्दांच्या शक्यता मोजताना ७८ आकडी संख्या येते, हे लक्षात घेतलं की या दोन बदलांनी काय साधलं ते समजतं.

इथे मालकाने पिन स्वतः ठेवला, शब्द स्वतः लिहून घेतले, कुणाला दाखवले नाहीत. त्याच्याकडून चूक झाली ती उपकरण हातात येण्यापूर्वी.

कुठून घ्यायचं

पहिली पसंती निर्मात्याच्या स्वतःच्या दुकानाला. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा: `ledger.com`, `trezor.io`, किंवा तुम्ही निवडलेल्या कंपनीचा. सर्च इंजिनवर नाव टाकून सगळ्यात वर आलेल्या दुव्यावर टिचकी मारू नका. वरचे दुवे बहुधा जाहिराती असतात आणि वॉलेट कंपन्यांच्या नावाने खोट्या जाहिराती लावणं हा जुना धंदा आहे. पत्त्यातलं एक अक्षर बदललेलं डोळ्याला पटकन दिसत नाही, म्हणून मी पत्ता एकदाच सावकाश टाइप करतो, बुकमार्क करतो आणि पुढे कायम तोच वापरतो.

काही ठिकाणी कंपनी थेट पाठवत नाही, किंवा शुल्क आणि उशीर यांमुळे परवडत नाही. मग अधिकृत विक्रेता. पण ‘अधिकृत’ हा शब्द विक्रेत्याच्या पाटीवर वाचायचा नसतो. उलट दिशेने जायचं: कंपनीच्या संकेतस्थळावर विक्रेत्यांची यादी उघडायची, त्यात आपला देश शोधायचा आणि तिथल्या दुव्यावरूनच दुकानात जायचं. यादीत नाव नसेल तर तो विक्रेता कितीही जुना, कितीही ताऱ्यांचा असो, तो आपल्यासाठी अनोळखी.

मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांबद्दल लोक सगळ्यात जास्त वाद घालतात. ‘कंपनीचंच तर दुकान आहे तिथे.’ असतं कधीकधी. पण एकाच उत्पादनाच्या पानावर अनेक विक्रेते माल विकतात, आणि वर ब्रँडचं नाव असलं तरी पाठवणारा तिसराच असू शकतो. म्हणून ‘विक्रेता कोण’ ही बारीक ओळ वाचा आणि ते नाव कंपनीच्या यादीतल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवा. तरीही एक भोक उरतं, ते परत आलेल्या मालाचं. कुणीतरी अस्सल वॉलेट घेतो, त्यात गडबड करतो किंवा वर सांगितलेलं कार्ड ठेवतो, पेटी पुन्हा बंद करतो आणि ‘नको होतं’ म्हणून परत करतो. गोदामातल्या माणसाला ती नवीच दिसते. पुढच्या गिऱ्हाइकाला तीच जाते. विक्रेता प्रामाणिक, बाजारपेठ प्रामाणिक, आणि तरी मधे एक हात येऊन गेला. थेट निर्मात्याकडून घेण्याचा आग्रह मी धरतो तो याच कारणासाठी. विक्रेत्यांना चोर ठरवण्याचा माझा हेतू नाही.

वापरलेलं, ‘फक्त एकदा उघडलेलं’, मित्राने भेट दिलेलं, परिषदेत फुकट वाटलेलं: हे सगळं एकाच रांगेत. मला एका कार्यक्रमात असं एक मिळालं होतं. ते सरावासाठी वापरतो, त्यात पैसे ठेवत नाही.

थेट खरेदीची एक किंमतही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. कंपनीकडे तुमचं नाव आणि पत्ता राहतो, आणि ती यादी फुटू शकते हे २०२०मध्ये दिसलंच. म्हणून मागवताना वेगळा ईमेल द्या, शक्य असेल तर घराऐवजी कार्यालयाचा किंवा पार्सल उचलण्याच्या केंद्राचा पत्ता द्या. आणि एकदा खरेदी केली की त्या कंपनीच्या नावाने येणारं प्रत्येक पत्र, फोन आणि न मागवलेलं पार्सल खोटं समजून चाला.

पार्सल आल्यावर

कात्री लावण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पॅकिंगचं पान उघडा. ही सवय महत्त्वाची आहे, कारण प्रत्येकाची रीत वेगळी. लेजर नॅनो एस, नॅनो एक्स यांसारख्या मॉडेलांच्या पेटीला मुद्दाम सील लावलेलं नसतं. सील सहज बनवता येतं, असं त्यांचं स्पष्ट म्हणणं आहे. तेव्हा अशा पेटीवर चमकदार सुरक्षा स्टिकर दिसला तर तीच शंकेची जागा. ट्रेझर होलोग्राम वापरतं, मॉडेलनुसार पेटीवर किंवा थेट यूएसबीच्या तोंडावर. कोल्डकार्ड क्रमांक छापलेल्या पिशवीत येतं, आणि तोच क्रमांक कारखान्यात उपकरणाच्या आत नोंदवलेला असतो. पहिल्यांदा सुरू केल्यावर स्क्रीनवर येणारा क्रमांक पिशवीशी ताडायचा. यातली ही शेवटची रीत मला सगळ्यात पटते, कारण नकली पिशवी छापणाऱ्याला आतला क्रमांकही बदलावा लागतो.

सील पाहताना मध्यभाग बघून उपयोग नाही, कडा बघा. गरम हवेने अलगद सोडवलेल्या होलोग्रामची कड किंचित उचललेली किंवा सुरकुतलेली असते, आणि खाली गोंदाचा जुना ठसा नव्या ठशाशी जुळत नाही. मग उपकरण उजेडात आडवं धरून आवरणाच्या सांध्यावरून नख फिरवा. सांधा सगळीकडे सारखा लागायला हवा. एका ठिकाणी नख अडकलं, पोपडा निघाला, गोंदाची बारीक रेघ दिसली, तर थांबा. आवरण स्वतः उघडून पाहण्याच्या फंदात मात्र पडू नका. आत काय असायला हवं हे माहीत नसेल तर काही कळत नाही आणि परत करण्याचा हक्क जातो.

हे सगळं नीट निघालं तरी त्याचा अर्थ इतकाच की ढोबळ गडबड दिसली नाही.

चालू करताना

नव्या उपकरणात पिन ठेवलेला नसतो आणि शब्द ठरलेले नसतात. पहिल्या स्क्रीनवर स्वागत आणि ‘नवीन वॉलेट तयार करा की जुनं परत आणा’ एवढंच हवं. ते थेट पिन मागत असेल, किंवा पेटीत ‘तुमचा सुरुवातीचा पिन’ असा कागद असेल, तर प्रकरण तिथेच संपवा. रिकव्हरीचा कागद कोरा हवा. एक शब्दही छापलेला असेल तर पुढची तपासणी करण्याचीही गरज नाही. ट्रेझर तर फर्मवेअरशिवायच पाठवलं जातं आणि पहिल्या जोडणीत ते बसवावं लागतं; आधीच बसवलेलं असेल तर अधिकृत अ‍ॅप तशी सूचना देतं.

अ‍ॅप घेतानाही तोच नियम: कंपनीच्या संकेतस्थळावरून. नोव्हेंबर २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत स्टोअरमध्येच लेजरचं बनावट अ‍ॅप चढलं होतं आणि लोकांचे पाच लाख डॉलरहून जास्त गेले. त्यांची उपकरणं अस्सल होती. शब्द त्यांनी अ‍ॅपमध्ये टाइप केले. शब्द कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर टाइप करायला सांगणारं अ‍ॅप दिसलं की ते बंद करा.

आता अस्सलपणाची चाचणी. लेजर, बिटबॉक्स, ट्रेझरची सेफ मालिका यांच्या आत एक सुरक्षित चिप असते आणि तिच्यात कारखान्यात बसवलेली एक गुप्त किल्ली. अ‍ॅप एक यादृच्छिक संख्या पाठवतं, चिप तिच्यावर सही करून परत देते, आणि ती सही कंपनीची आहे का हे तपासलं जातं. नकली चिपला ही सही जमत नाही. चाचणी चांगली आहे, जरूर करा, पण तिची हद्द ओळखून. ती त्या चिपबद्दल बोलते. काही मॉडेलमध्ये शेजारी दुसरी साधी चिप असते आणि बरंचसं काम ती करते. मार्च २०२५मध्ये लेजरच्याच संशोधकांनी दाखवलं की ट्रेझर सेफ ३ हातात असेल, तर सुरक्षित चिप अस्सल ठेवून शेजारच्या चिपशी खेळता येतं. प्रतिस्पर्ध्याने काढलेली खोड म्हणून ती खोटी ठरत नाही. हे घरबसल्या दुरून करता येत नाही. उपकरण काही काळ हातात असलेल्यालाच जमतं. म्हणजे पुन्हा गाडी तिथेच येते: मध्ये कोण होतं?

यानंतर शब्द तयार करा, पण पैसे टाकू नका. शब्द लिहा, उपकरण पूर्ण पुसा, पुन्हा नवीन शब्द तयार करा. असं सहा वेळा करून कागद शेजारी ठेवा. त्या बनावट ट्रेझरसारखे २० संच असतील आणि ते चिठ्ठी उचलल्यासारखे येत असतील, तर सहा वेळांत एखादा संच पुन्हा येण्याची शक्यता ५६ टक्के आहे. एकही शब्दसंच पुन्हा आला तर उपकरण बनावट, यात शंका नाही. मात्र न आल्याने काही सिद्ध होत नाही. चोराने हजार संच भरले असतील तर ही युक्ती आंधळी. अर्धा तास जातो, म्हणून मी ती करतो. ते सहा कागद जाळून टाका आणि सातवा संच खरा ठेवा.

ज्यांना उपकरणाच्या यादृच्छिकतेवरही विसंबायचं नाही, त्यांच्यासाठी काही वॉलेटमध्ये फासे टाकण्याची सोय असते. सहा बाजूंचा फासा ५० वेळा टाकला की १२ शब्दांना पुरेल इतकी अनिश्चितता मिळते, २४ शब्दांना साधारण ९९ वेळा. पण फाशांवरून तेच शब्द निघायला हवेत की नाही हे इंटरनेट नसलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर पडताळलं तरच त्याला अर्थ. नाहीतर बनावट उपकरण फाशांकडे बघतही नाही.

शेवटी शब्द कागदावरून परत आणून पाहा: पुसा, सातव्या संचाने वॉलेट उभं करा, आधीचाच पत्ता येतो का ते उपकरणाच्या स्क्रीनवर बघा. मग गेले तरी चालतील एवढेच पैसे पाठवा, काही परतही मागवा. लक्षात ठेवा, ही चाचणी तुमच्या लिखाणाची आहे, चोराची नव्हे. चोर छोट्या रकमेला हात लावत नाही.

शंका आलीच तर

पैसे टाकण्यापूर्वी आली तर सोपं आहे: फोटो काढा, कंपनीच्या संकेतस्थळावरून मदत विभागाला कळवा, उपकरण परत करा. पैसे टाकल्यानंतर आली तर बहुतेक जण एक चूक करतात. घाईने अधिकृत दुकानातून नवं वॉलेट मागवतात आणि त्यात जुनेच शब्द टाकतात. उपकरण बदललं, किल्ली तीच राहिली. चोराला काहीच करावं लागत नाही.

नव्या उपकरणात नवे शब्द तयार करायचे आणि जुन्या पत्त्यांवरून सगळं नव्या पत्त्यावर पाठवायचं; बिटकॉइनबरोबर त्याच शब्दांवर ठेवलेली बाकीची नाणी आणि दुसरी खातीसुद्धा, कारण घाईत तीच विसरतात. आणि नवं उपकरण यायला आठवडा लागणार असेल तर थांबू नका. फोनवरच्या एखाद्या नावाजलेल्या वॉलेटमध्ये आत्ता नवे शब्द काढा आणि पैसे तात्पुरते तिकडे हलवा. एरवी मी फोनमध्ये मोठी रक्कम ठेवा असं कधीच सांगणार नाही, पण कुणालाच माहीत नसलेले शब्द फोनमध्ये असणं, हे चोराला पाठ असलेले शब्द तिजोरीत असण्यापेक्षा बरं.